फ्रायम्सचा पहिला घाणा फुलतो, दुसरा का बसतो? तेलाच्या आचेचे निदान आणि उपाय

फ्रायम्स तळताना वारंवार येणारी एक तक्रार अशी की पहिला घाणा टपोरा फुलतो आणि त्याच पाकिटातला, त्याच तेलातला दुसरा किंवा तिसरा घाणा मात्र बसका निघतो. नळ्या अर्ध्यामुर्ध्या फुलतात, चाकांच्या मधोमध काचेसारखा अर्धपारदर्शक ठिपका राहतो आणि खाताना तो दाताखाली कटकन लागतो. नाशिकमध्ये ही तक्रार पावसाळ्यात जास्त ऐकू येते आणि मग सगळा दोष दमट हवेवर ढकलला जातो. हवेचा वाटा काही वेळा असतो, हे खरे. पण पहिला घाणा नीट फुलला असेल तर माल सादळलेला नाही, हे तिथेच सिद्ध झालेले असते. अशा वेळी दोष तेलाच्या तापमानात आणि बहुतेकदा एका घाण्यात किती माल सोडला यात असतो.

पाच सेकंदांत नेमके काय घडते

फ्रायम्स दिसायला कच्चे असतात, पण ते कच्चे नसतात. गव्हाचे पीठ, निरनिराळे स्टार्च, मीठ आणि पाणी यांचे मिश्रण कारखान्यात उष्णतेने आणि दाबाने शिजवून साच्यातून काढले जाते, त्याचे तुकडे पाडले जातात आणि ते सावकाश वाळवले जातात. म्हणूनच ते भिजवावे किंवा आधी भाजून घ्यावे लागत नाहीत; पाकिटातून थेट कढईत सोडता येतात. वाळवताना त्यांतले सगळे पाणी मात्र काढून टाकलेले नसते. वजनाच्या साधारण दहा ते बारा टक्के पाणी तुकड्याच्या आत अडकवून ठेवलेले असते आणि फुलण्याचे सगळे काम तेच पाणी करते.

खोलीच्या तापमानाला हा तुकडा कडक आणि ठिसूळ असतो. गरम तेलात पडताच दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. एक म्हणजे स्टार्चची भिंत तापून मऊ, ताणली जाईल अशी व्हायला हवी. आणि दुसरी म्हणजे आतले पाणी बाहेर निसटण्यापूर्वीच त्याची वाफ व्हायला हवी. पाण्याची वाफ झाली की ते मूळच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. ती जागा मिळवण्यासाठी वाफ मऊ झालेल्या भिंतीला आतून ढकलते आणि असंख्य बारीक पोकळ्या तयार होतात. वाफ निघून गेली की भिंत कोरडी पडते आणि कोरडी पडलेली भिंत पुन्हा कडक होते, त्यामुळे फुललेला आकार तसाच टिकतो. हे सारे चार-पाच सेकंदांत आटोपते आणि आटोपायलाच हवे, कारण या सगळ्याचा पाया वेग हाच आहे.

आता तेल पुरेसे तापलेले नसेल तर काय होईल, हे यावरून सहज ताडता येते. भिंत हळूहळू मऊ होते, पाणीही हळूहळू तापते आणि जोर लावण्याइतकी वाफ एकदम साठण्याआधीच ते बारीक बुडबुड्यांच्या रूपाने निसटून जाते. तुकडा तळला जातो, पण फुलत नाही. त्यातच तेलात जास्त वेळ राहिल्यामुळे तो तेलकटही होतो. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. असा बसका तुकडा पुन्हा कडकडीत तेलात टाकला तरी फुलत नाही, कारण फुलवणारे पाणी आधीच उडून गेलेले असते. तो फक्त लाल होतो आणि अधिक कडक लागतो. म्हणून बसलेला घाणा परत तळण्यात तेल आणि गॅस वाया घालवू नये.

उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेली कुरडई याच तत्त्वावर फुलते. तिलाही आधी शिजवलेला चीक, मग वाळवण आणि शेवटी कडकडीत तेल हाच क्रम लागतो. कुरडई तळण्यात ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांना फ्रायम्स सहसा त्रास देत नाहीत.

योग्य आच आणि ती ओळखण्याची रीत

फ्रायम्ससाठी तेल १८० ते २०० अंश सेल्सिअस या टप्प्यात असावे. घरगुती कढईत १९० च्या आसपास सर्वांत चांगला परिणाम मिळतो. भजी किंवा शंकरपाळे ज्या मध्यम आचेवर तळतात, त्याहून हे तापमान बरेच वर आहे आणि नेमकी येथेच गफलत होते. भज्यांच्या पाठोपाठ त्याच आचेवर फ्रायम्स सोडले की ते बसतात.

कणकेची छोटी गोळी टाकून ती वर येते का हे पाहण्याची पद्धत पुऱ्यांसाठी ठीक असली, तरी फ्रायम्ससाठी ती पुरेशी नाही. ओल्या कणकेत पाणी भरपूर असते, त्यामुळे गोळी १६० अंशांच्या आसपासही बुडबुडे सोडत वर येते. लाकडी उलथन्याभोवती बुडबुडे येतात की नाही, ही खूणही याच कारणाने फसवी ठरते. सर्वांत विश्वासू मापक म्हणजे ज्या पाकिटातले फ्रायम्स तळायचे आहेत, त्यातलाच एक तुकडा.

वाळलेला तुकडा तेलापेक्षा जड असतो, म्हणून सोडल्याबरोबर तो तळाशी जातो. फुलला की हलका होऊन वर येतो. तळाशी जाण्यापासून वर येण्यापर्यंत किती वेळ गेला, ते मनात मोजावे. साध्या पातळ नळीच्या बाबतीत तेल १९० अंशांच्या जवळ असेल तर ती एक-दोन सेकंदांत उसळी मारून वर येते आणि पाच सेकंदांच्या आत टोकापासून टोकापर्यंत फुलते, तरी तिच्यावर लालसर कड दिसत नाही. वर यायला तीन-चार सेकंद लागले आणि फुललेल्या पृष्ठभागावर बारीक रवाळ दाणे दिसले, तर तेल १७० च्या आसपास आहे असे समजून थोडे थांबावे. तुकडा तळाशीच पडून राहिला आणि त्याच्याभोवती साबुदाण्याहूनही बारीक बुडबुड्यांची एक संथ रांग वर येत राहिली, तर तेल १५० च्या घरात आहे. त्या वेळी मूठभर माल सोडणे म्हणजे तो फुकट घालवणे होय.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. तेल २२० अंशांच्या वर गेले असेल तर तुकडा वर येतो लगेच, पण त्याची कड मध्यभागाच्या आधी वाळून कडक होते आणि लाल पडते. कड एकदा कडक झाली की आतल्या वाफेला ढकलायला मऊ भिंत उरत नाही, म्हणून चाकाच्या मध्याशी तोच काचेसारखा ठिपका राहतो, जो थंड तेलात राहतो. ठिपका सारखाच दिसत असल्यामुळे निदान ठिपक्यावरून न करता कडेवरून करावे: कड पांढरट किंवा मूळ रंगाची असेल तर तेल थंड होते, कड लालसर आणि चव किंचित कडवट असेल तर तेल फार तापले होते. रंगीत नळ्यांमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि लाल, ही लाली रंगाखाली झाकली जाते, म्हणून त्या वेळी वासावर भरवसा ठेवावा. जळकट वास आला की आच कमी करून अर्धा मिनिट थांबावे.

तेलमापक थर्मामीटर वापरायचा असेल तर त्याचे टोक तेलाच्या मधोमध धरावे, कढईच्या बुडाला टेकवू नये, आणि वाचन घेण्यापूर्वी कोरड्या झाऱ्याने तेल एकदा हलवावे, कारण बुडाशी आणि वरच्या थरात बराच फरक असतो. इंडक्शन शेगडीवर दिसणारा १८० हा आकडा तेलाचा नसतो. शेगडीचा सेन्सर काचेखाली असतो आणि तो भांड्याच्या बुडाजवळचे तापमान पाहतो. तेथेही एक तुकडा सोडूनच खात्री करावी.

दुसरा घाणा का बसतो: एक प्रत्यक्ष उदाहरण

इंदिरानगरमध्ये आमच्या ओळखीच्या काकूंकडे सत्यनारायणाच्या जेवणासाठी फ्रायम्स तळायचे होते. पाकीट नवे आणि सीलबंद होते, तेल रिफाइंड शेंगदाण्याचे होते, कढईत अर्धा लिटर तेल होते आणि बर्नर मोठा होता. पहिला घाणा अतिशय सुंदर उतरला. दुसरा निस्तेज निघाला आणि तिसऱ्यात तर निम्म्या चाकांना ठिपके राहिले. काकूंचे म्हणणे असे होते, "अगं, गॅस एकदाही कमी केला नाही, मग तेल गार होईलच कसे?" शंका अगदी रास्त होती. म्हणून पुढच्या पाकिटाच्या वेळी तेलात थर्मामीटर धरला.

त्या दर वेळी ताटलीभर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम फ्रायम्स एकदम सोडत होत्या. पहिल्या घाण्याच्या आधी तेल १९५ अंशांवर होते. घाणा निघेपर्यंत ते १७२ वर आले. झाऱ्याने माल काढून जेमतेम दहा सेकंदांत दुसरी ताटली पडली, तेव्हा तेल १८० पर्यंतही पोहोचले नव्हते आणि तो घाणा निघाला तेव्हा आकडा १५६ होता. तिसऱ्या घाण्याला सुरुवातच १७० च्या खाली झाली. पहिला घाणा फुलला तो केवळ सुरुवातीला साठलेल्या उष्णतेच्या जोरावर.

यामागचा हिशेब अवघड नाही. अर्धा लिटर तेलाचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे एक किलोज्यूल उष्णता लागते. ५० ग्रॅम फ्रायम्समधले पाच-सहा ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला आणि उरलेला स्टार्च तेलाच्या तापमानाजवळ न्यायला मिळून साधारण पंचवीस किलोज्यूल लागतात. ही उष्णता पाच सेकंदांत तेलातूनच काढून घेतली जाते, म्हणजे तेल वीस-पंचवीस अंशांनी उतरणारच. मोठा बर्नर ज्योतीची काही उष्णता हवेत घालवून कढईला सेकंदाला साधारण एक-दीड किलोज्यूल पोहोचवतो, म्हणून घाणा चालू असताना तो फार तर पाच-सात अंशांची भर घालू शकतो. गॅस मोठा असणे आणि तेल गरम राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

उपाय दोनच होते: माल कमी सोडणे आणि मध्ये थांबणे. तेवढ्याच तेलात प्रत्येक घाण्याला २० ग्रॅम, म्हणजे एक सैल मूठ सोडली तेव्हा तेल सात-आठ अंशांहून जास्त उतरले नाही, आणि घाणा काढल्यावर दहा ते पंधरा सेकंद थांबले की ते पुन्हा १९० वर येऊ लागले. पाव किलोच्या पाकिटासाठी पाच मोठ्या घाण्यांऐवजी बारा-तेरा लहान घाणे घालावे लागले. ऐकायला हे काम वाढल्यासारखे वाटते. पण एक घाणा आणि त्यानंतरचे थांबणे मिळून वीस सेकंदांच्या आसपास जातात, म्हणजे सगळे पाकीट चार-पाच मिनिटांत संपते. एक लिटर तेल आणि तशी खोल कढई असेल तर एका वेळी ४० ग्रॅमपर्यंत जाता येते, मात्र मग दोन घाण्यांमधले थांबणेही थोडे वाढवावे लागते.

माल सोडल्यावर झाऱ्याच्या पाठीने तो हलकेच तेलात दाबावा. फुललेले तुकडे तरंगतात आणि त्यांची वरची बाजू तेलाबाहेर राहते; दाबले नाही तर एक बाजू फुलते आणि दुसरी कच्चट राहते. याच कारणासाठी कढईत तेल किमान दोन बोटे खोल असावे. झारा आणि हात कोरडे असावेत, हे वेगळे सांगायला नकोच. या तापमानाला पाण्याचा एक थेंबही तेल अंगावर उडवतो.

तेल कोणते

अलीकडे नाशिकमध्ये लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वापर बराच वाढला आहे. स्वयंपाकाला ते उत्तम, पण फ्रायम्ससाठी ते आडमुठे ठरते. न शुद्ध केलेले शेंगदाणा तेल १६० अंशांच्या आसपासच धूर सोडू लागते, म्हणजे फ्रायम्सला लागणाऱ्या आचेच्या कितीतरी आधी. धूर दिसला की माणूस साहजिकच गॅस कमी करतो, आणि मग घाणा बसतो. रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल सव्वादोनशे अंशांच्या पुढेपर्यंत धूर न सोडता तापते, म्हणून या कामाला तेच घ्यावे. पण तेच रिफाइंड तेल दोन-तीनदा तळणात वापरून काळपट आणि चिकट झाले असेल, तर त्याचाही धूर लवकर निघतो. धुराला आचेची खूण मानणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे: धूर तेलाची जात आणि वय सांगतो, तापमान नाही.

पहिलाच घाणा बसला तर

एकच तुकडा सोडून तेल योग्य असल्याची खात्री केली आणि तरीही पहिला घाणाच नीट फुलला नाही, तर मात्र दोष मालात शोधावा. उघड्या पाकिटातले फ्रायम्स दमट हवेतले पाणी ओढून घेतात. असा तुकडा तेलात पडल्यावर मोठ्याने तडतडतो, एकदम फुलतो आणि पुन्हा आक्रसतो, कारण पाणी जास्त असल्यामुळे भिंत वेळेत कोरडी होऊन कडक होत नाही. गार झाल्यावर तो कुरकुरीत न लागता वातड लागतो. थंड तेलात तळलेला तुकडा कडक लागतो आणि सादळलेला वातड, हा फरक दातांना लगेच कळतो.

तळण्याआधी तपासायचे असेल तर एक नळी दोन्ही टोकांना धरून वाकवावी. वाळलेली नळी कट्‌कन मोडते. सादळलेली आधी किंचित वाकते आणि मग मोडते. घरी वजनकाटा असेल तर आणखी पक्की परीक्षा करता येते. १०० ग्रॅम फ्रायम्स मोजून ताटात एकेरी पसरावेत आणि दोन-तीन तास कडक उन्हात ठेवून पुन्हा तोलावेत. वजन चार-पाच ग्रॅमने घटले तर माल सादळलेलाच होता आणि तो आता पुन्हा तळण्याजोगा झाला आहे. एखादाच ग्रॅम कमी झाला तर ओलाव्याचा प्रश्न नव्हता, म्हणून पुन्हा तेलाकडे वळावे.

श्रावणात ऊन मिळत नाही तेव्हा ओव्हन ६० अंशांच्या आत ठेवून त्यात तासभर ताट ठेवावे, किंवा स्वयंपाक आटोपल्यावर कोमट तव्यावर ताट ठेवून वर पंखा लावावा. याहून जास्त उष्णता देऊ नये. घाईने तापवलेल्या तुकड्यांना बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तळताना वाफ निसटते. अति वाळवणेही तितकेच घातक, कारण फुलवणारे पाणीच संपले तर तेल कितीही अचूक तापवून उपयोग नाही. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर दिवसच्या दिवस उघडे ठेवलेले फ्रायम्स लहान आणि दगडी फुलतात, ते याचमुळे. त्यांना पुन्हा ओलावा देण्याची भरवशाची घरगुती रीत नाही. जास्तीचा माल उन्हात न ठेवता हवाबंद डब्यात ठेवणे एवढेच हातात असते.

मिश्र पाकिटाचा वेगळा प्रश्न

रविवार कारंजा किंवा मेन रोडच्या दुकानांत सुटे मिळणारे मिश्र फ्रायम्स घेतले, तर वरचे सर्व पाळूनही काही तुकड्यांना ठिपके राहू शकतात. नळीची भिंत पातळ असते, चाकाचा मध्य जाड असतो आणि जाळीदार चौकोनाची जाडी या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते. एकाच घाण्यात सगळे सोडले तर नळ्या तयार होऊन लाल पडायला लागतात तेव्हा कुठे चाकांचा मध्य तापतो. तळण्यापूर्वी दोन मिनिटे काढून आकारानुसार वेगळे करावेत. नळ्या आणि पातळ आकार १९० ते २०० अंशांवर झटपट काढावेत. चाके आणि जाड आकार १८० ते १८५ अंशांवर, निम्म्या मापाचे घाणे घालून, दोन-तीन सेकंद जास्त ठेवावेत. जाड तुकड्याला आच किंचित कमी देण्याचे कारण असे की मध्य तापेपर्यंत त्याच्या कडेने कडक होऊन बसू नये.

चाकाचा मध्य झाला की नाही हे वरून दिसते. कडेच्या फुगवट्यापाठोपाठ मधला पारदर्शक भाग एका क्षणात अपारदर्शक आणि दुधाळ होतो. तो बदल दिसला की लगेच झाऱ्याने उचलावे, कढईच्या काठावर तेल निथळू द्यावे आणि जाळीवर किंवा चाळणीत पसरावे. गरम असतानाच डब्यात भरले तर त्यांचीच वाफ झाकणाला लागून त्यांना मऊ पाडते, म्हणून पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करावा; पावसाळ्यात मात्र गार झाल्यावर उघडेही ठेवू नयेत.